पोटफुगी : एन्झाइम कोणाला, फायबर कोणाला आणि डॉक्टरांकडे कोणी जावे?



जेवणानंतर पोट तट्ट होणे, लुगड्याची वा पायजम्याची गाठ सैल करावीशी वाटणे, ढेकर न येणे किंवा येतच राहणे, या साऱ्याला आपण ‘पोट फुगले’ असे म्हणतो. साठी-सत्तरी उलटलेल्यांच्या घरी औषधांचा डबा उघडला, तर या तक्रारीसाठी आणलेल्या दोन वस्तू त्यात हमखास सापडतात. एक म्हणजे जेवणानंतर दोन चमचे घ्यायचे पाचक एन्झाइमचे पातळ औषध, आणि दुसरी म्हणजे पाण्यात ढवळून प्यायची ‘प्रीबायोटिक फायबर’ची पावडर. दोन्हींच्या वेष्टनावर पचनाचाच उल्लेख असल्याने त्या एकाच कुळातल्या आहेत, असा समज होतो आणि पुष्कळदा त्या एकत्रच घेतल्या जातात.

वस्तुतः या दोन वस्तूंचे काम जवळजवळ परस्परविरुद्ध आहे. हे एकदा ध्यानात आले, की आपल्याला यांपैकी कोणती हवी, कोणती नको, आणि मुळात दोन्हींची गरज आहे का, हे ठरवणे सोपे जाते.

वायू येतो कोठून?

आपण खाल्लेल्या अन्नाचे तुकडे करण्याचे काम एन्झाइम करतात. ते लाळेत, जठरात, स्वादुपिंडाच्या रसात आणि लहान आतड्याच्या अस्तरात असतात. सुटे झालेले अन्नकण लहान आतड्यातच शोषले जातात. जे तुटत नाही, ते तसेच पुढे मोठ्या आतड्यात जाते. तेथे कोट्यवधी जिवाणू त्याची वाटच पाहत असतात. ते हे उरलेले अन्न आंबवतात आणि त्यातून वायू तयार होतो. इडलीचे पीठ रात्रीतून फुगते, तशीच ही क्रिया आहे.

ती रोग नव्हे. दिवसातून पंधरा-वीस वेळा वात सरणे हे निरोगी माणसातही घडते. त्रास होतो तो वायू फार तयार झाला, तो पुढे सरकायला वाट नसली, किंवा आतडे हळवे झाले असले म्हणजे. बद्धकोष्ठ असलेल्या वृद्धांना वायू बेताचा असूनही पोट गच्च वाटते, ते याच कारणाने.

आता दोन्ही वस्तूंकडे पाहू. एन्झाइमचा हेतू असा, की अन्न वरच्या वरच तुटावे आणि जिवाणूंपर्यंत कमी पोहोचावे. प्रीबायोटिक फायबरचा हेतू नेमका उलट. ते मुद्दाम असे निवडलेले असते, की आपल्याला पचू नये आणि जिवाणूंना मात्र खाद्य म्हणून मिळावे. विचार न करता दोन्ही एकदम घेणे म्हणजे एका हाताने चुलीतले लाकूड बाहेर ओढायचे आणि दुसऱ्या हाताने नवे सरपण आत सारायचे.

एन्झाइम : प्रत्येक कुलपाची किल्ली वेगळी

एन्झाइम हे सर्वसाधारण ‘पाचक’ नसते. एक एन्झाइम एकाच तऱ्हेचा पदार्थ तोडते. म्हणून ‘मला एन्झाइम लागू पडेल का’ हा प्रश्न अपुरा आहे. ‘मला कोणत्या पदार्थाने त्रास होतो’ हे आधी विचारावे लागते.

दुधाने पोट फुगत असेल, तर संबंध लॅक्टेज या एन्झाइमशी असतो. दुधातील साखर तोडणारे हे एन्झाइम बालपणी भरपूर असते आणि वयाबरोबर अनेकांमध्ये कमी होते. दोनशे मिलिलिटर दुधात ही साखर सुमारे १० ग्रॅम असते. एन्झाइम कमी असलेल्यांपैकीही बरेच जण जेवणाबरोबर तेवढे दूध पचवतात. रिकाम्या पोटी मोठा पेला घेतला, की मात्र तासा-दोन तासांत गुडगुड, फुगी आणि कधी जुलाब होतात. अशांना लॅक्टेजची गोळी खरोखर उपयोगी पडते, पण ती दुधाच्या पहिल्या घोटाबरोबर घ्यायला हवी. दूध पुढे निघून गेल्यावर घेतलेल्या गोळीची त्याच्याशी गाठच पडत नाही. दूध बंद करून दही-ताक घेणे हा त्याहून स्वस्त उपाय आहे, कारण विरजणातले जिवाणू ही साखर काही अंशी आधीच तोडून ठेवतात.

वाल, चवळी, राजमा, छोले यांनी त्रास होत असेल, तर कारण वेगळे असते. कडधान्यांतील काही शर्करा तोडणारे अल्फा-गॅलॅक्टोसिडेज हे एन्झाइम माणसाच्या आतड्यात नसतेच, तरुणातही नाही आणि म्हाताऱ्यातही नाही. हे एन्झाइम असलेली गोळी पहिल्या घासाबरोबर घेतल्यास काहींना कडधान्यांपासून होणारा वायू कमी झालेला जाणवतो. आपल्या आज्या मात्र हेच काम गोळीवाचून करीत असत. कडधान्य रात्रभर भिजवायचे, ते पाणी टाकून द्यायचे, मोड आणायचे आणि नव्या पाण्यात मऊ शिजवायचे. या प्रत्येक पायरीला त्या शर्करा कमी होत जातात.

तिसरा प्रकार गंभीर आहे. स्वादुपिंडाला दीर्घकाळ सूज असेल किंवा त्यावर शस्त्रक्रिया झाली असेल, तर पाचक रसच अपुरा पडतो. येथे फुगीपेक्षा शौचाची लक्षणे बोलकी असतात. मळ फिकट, तेलकट आणि दुर्गंधीयुक्त होतो, भांड्याला चिकटतो, आणि जेवण असूनही वजन उतरते. या रुग्णांसाठी एन्झाइम हे पूरक नसून औषधच आहे. मुख्य जेवणाला चरबी तोडणाऱ्या एन्झाइमची चाळीस-पन्नास हजार एककांची मात्रा अनेकदा लागते. ही मात्रा डॉक्टर तपासणीनंतर ठरवतात. दुकानातील साध्या पाचक गोळ्यांनी ती भरून निघत नाही. या कॅप्सूल डुकराच्या स्वादुपिंडापासून बनवलेल्या असतात. ज्यांना आहार-धर्माच्या दृष्टीने अडचण वाटते, त्यांनी ती डॉक्टरांपुढे मोकळेपणाने मांडावी. न सांगता औषध सोडू नये.

राहिले ते घरोघरी दिसणारे पातळ औषध. त्यात बहुधा डायस्टेज आणि पेप्सिन असते. डायस्टेज पिष्ट तोडते, पेप्सिन प्रथिने तोडते. वय झाले म्हणून निरोगी माणसात या एन्झाइमची टंचाई होते असे नाही. त्यामुळे जेवणानंतरच्या साध्या फुगीवर त्याचा भरवसा धरावा असा आधार दुबळाच आहे. शिवाय हे औषध गोड असते. त्यात साखर असेल तर मधुमेहींनी जपावे, आणि ‘शुगर-फ्री’ म्हणून सॉर्बिटॉल असेल तर तेही आतड्यात अर्धवटच शोषले जाते आणि स्वतःच वायू करते.

प्रीबायोटिक फायबर : कोणता, किती, कसा

वेष्टनाच्या मागे बारीक अक्षरांत ‘इन्युलिन’, ‘चिकोरी रूट’ किंवा ‘एफओएस’ असे शब्द दिसले, की समजावे, हा वेगाने आंबणारा तंतू आहे. तो काही जिवाणूंची वाढ करतो आणि शौच मऊ व्हायला थोडी मदतही करतो. परंतु ज्याचे पोट आधीच फुगते, त्याला दिवसाला १० ग्रॅम पावडर सुरू करून दिली, तर पहिल्या आठवड्यातच त्रास वाढण्याचा संभव असतो. ‘सुरुवातीला होते, मग सवय होईल’ असे सांगितले जाते. काहींच्या बाबतीत ते खरे ठरते. त्यांनी दोन-तीन ग्रॅमांपासून आरंभ करून आठवड्या-आठवड्याने मात्रा वाढवावी. चिडचिड्या आतड्याचा विकार असलेल्यांना मात्र सवय होण्याची वाट पाहण्यापेक्षा ही पावडर थांबवणेच हिताचे असते.

फुगीच्या मुळाशी बद्धकोष्ठ असेल, तर आपल्या ओळखीचा इसबगोल अधिक सौम्य आहे. तो पाणी धरून ठेवतो, पण फारसा आंबत नाही. छोटा एक चमचा मोठ्या पेलाभर पाण्यात घालून लगेच प्यावा, त्यावर आणखी पाणी घ्यावे आणि अर्धा तास तरी आडवे होऊ नये. इतर औषधे आणि इसबगोल यांत सुमारे दोन तासांचे अंतर ठेवावे, कारण तो औषधांचे शोषण मंदावतो.

शुश्रूषा करणाऱ्यांनी येथे तीन प्रसंगी हात आखडता घ्यावा. गिळताना ठसका लागणाऱ्या व्यक्तीला, विशेषतः पक्षाघात वा कंपवाताच्या रुग्णाला, फुगणारा कोणताही तंतू देऊ नये. तो घशात अडकू शकतो. हृदय वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितले असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. आणि अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला बरेच दिवस नीट शौच न होता अधूनमधून पातळ मळ गळत असेल, तर तो जुलाब समजू नये. आत घट्ट मळाचा गोळा बसलेला असून त्याच्या कडेने पाणी झिरपत असते. त्यावर फायबर घालणे म्हणजे तुंबलेल्या मोरीत आणखी भर घालणे होय. तो गोळा आधी डॉक्टर वा परिचारिकेकडून काढून घ्यावा लागतो.

एक उदाहरण : नानांचे चार आठवडे

माझ्याकडे आलेल्या ७२ वर्षांच्या एका निवृत्त गृहस्थांना येथे नाना म्हणू. आठ महिन्यांपासून त्यांचे पोट दुपारनंतर फुगत असे. वजन स्थिर, भूक बरी, शौचात रक्त नाही, हिमोग्लोबिन व पोटाची तपासणी ठीक. सकाळी पोट सपाट असे आणि रात्री टम्म. म्हणजे चढउतार होता आणि धोक्याची खूण नव्हती. त्यामुळे घाईने तपासण्यांची माळ न लावता शोध घेण्याइतकी सवड आम्हांला होती.

मी त्यांच्या सूनबाईंना सांगितले, “सकाळपासून रात्रीपर्यंत नानांच्या तोंडात जे जे जाते, ते वेळेसह लिहा. आणि बेंबीच्या रेषेत पोटाचा घेर सकाळी न्याहारीपूर्वी व रात्री जेवणानंतर टेपने मोजा.” यादी अशी आली. सकाळी इन्युलिनची पावडर, दोन चमच्यांत मिळून १० ग्रॅम. दोन्ही जेवणांबरोबर मधुमेहाची गोळी, तीत मेटफॉर्मिन व व्होग्लिबोज. जेवणानंतर डायस्टेज-पेप्सिनचे शुगर-फ्री औषध दोन चमचे. रात्री दहाला कपभर दूध. आठवड्यातून दोनदा उसळ. सकाळ-रात्रीच्या घेरात फरक सरासरी सहा सेंटिमीटर.

एका वेळी एकच बदल करायचा, असा नियम आम्ही ठरवला. सगळे एकदम बंद केले, तर बरे वाटले तरी कशाने, हे कळत नाही.

पहिल्या आठवड्यात फक्त पावडर थांबवली. घेराचा फरक चार सेंटिमीटरवर आला. ही पावडर मुलीने तीन महिन्यांपूर्वी प्रेमाने पाठवली होती, आणि ‘तेव्हापासून जरा वाढलेच आहे’ असे नाना आधी म्हणालेही होते. दुसऱ्या आठवड्यात रात्रीचे दूध बंद केले. काहीही फरक पडला नाही. म्हणून दूध परत सुरू केले आणि लॅक्टेजच्या गोळ्यांचा खर्च वाचला. नकारार्थी उत्तरही उपयोगाचे असते, ते असे.

तिसऱ्या आठवड्यात पातळ औषध थांबवले. फुगी वाढली नाही, उलट किंचित उतरली. हे औषध थांबवण्याला आणखी एक कारण होते, आणि मधुमेही वाचकांनी ते नीट वाचावे. अकार्बोज आणि व्होग्लिबोज ही औषधे पिष्ट व साखर तोडणाऱ्या एन्झाइमना आतड्यात अडवतात. जेवणानंतर रक्तातील साखर एकदम चढू नये, हा त्यांचा हेतू. जे पिष्ट तुटत नाही ते पुढे जाऊन आंबते, म्हणून वायू हा त्यांचा नेहमीचा दुष्परिणाम आहे. अशा माणसाने पिष्ट तोडणारे डायस्टेज वरून घेतले, तर गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो. अकार्बोजच्या माहितीपत्रकात अशी पाचक औषधे बरोबर घेऊ नयेत, अशी सूचनाच असते. व्होग्लिबोजचे कामही त्याच तऱ्हेने चालते. म्हणजे नानांचा वायू एका गोळीने होत होता आणि तो घालवण्यासाठी घेतलेले औषध त्या गोळीलाच विरोध करीत होते.

जुनी चिठ्ठी पाहिली तेव्हा व्होग्लिबोजची मात्रा ०.२ वरून ०.३ मिलिग्रॅम केल्याची तारीख आठ महिन्यांपूर्वीचीच निघाली. चौथ्या आठवड्यात ते औषध बदलून दुसरे दिले आणि जेवणानंतरची साखर तपासत राहिलो. मेटफॉर्मिन तसेच ठेवले. फरक दोन सेंटिमीटरपर्यंत उतरला, आणि तेवढा फरक कोणाच्याही पोटात असतोच. नानांना शेवटी एकही पूरक विकत घ्यावे लागले नाही. मात्र हे वाचून कोणीही मधुमेहाची गोळी आपल्या मनाने थांबवू नये. ती बदलण्याचे काम डॉक्टरांचे आहे. तुमचे काम यादी नीट लिहून नेण्याचे.

मग पूरक घ्यावे कोणी?

दूध किंवा कडधान्य यांच्याशी त्रासाचा संबंध स्पष्ट दिसतो आणि तो पदार्थ सोडायचा नाही, अशांनी त्या त्या एन्झाइमचा प्रयोग करावा. बद्धकोष्ठ आहे आणि गिळण्याची अडचण नाही, त्यांनी इसबगोल घ्यावा. दोन आठवड्यांत फरक न पडल्यास एन्झाइम थांबवावे, आणि फायबरची परीक्षा चार आठवड्यांत करावी. ही पूरके आपल्या देशात अन्न म्हणून विकली जातात, औषध म्हणून नव्हे. वेष्टनावर ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ असते, ती यासाठीच.

आणि डॉक्टरांकडे कोणी जावे?

पन्नाशी-साठीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली आणि तीन-चार आठवडे टिकलेली फुगी दुकानातल्या पावडरीवर सोपवू नये. वजन न कळत उतरणे, शौचात रक्त किंवा डांबरासारखा काळा मळ, रक्त कमी झाल्याने आलेला थकवा, शौचाच्या सवयीत नवा बदल, पोटात हाताला लागणारी गाठ, डोळ्यांत पिवळेपणा, यांपैकी काहीही सोबत असेल तर त्याच आठवड्यात दाखवावे.

चढउताराकडे विशेष लक्ष द्या. वायूची फुगी सकाळी ओसरते. जी सकाळीही तशीच असते आणि दिवसेंदिवस वाढते, ती वायूची नसावी. यकृताच्या विकारात पोटात पाणी साठते, पायांवर सूज दिसते. स्त्रियांमध्ये, विशेषतः पाळी गेल्यानंतर, महिन्यातले बरेच दिवस पोट फुगलेले राहणे, चार घासांत पोट भरणे, ओटीपोटात दुखणे आणि वारंवार लघवीला जावे लागणे ही अंडाशयाच्या कर्करोगाची सुरुवातीची लक्षणे असू शकतात. ‘वयामुळे गॅस होतो’ म्हणून घरातल्या बाई गप्प बसतात, तेव्हा घरातल्यांनी पुढाकार घेऊन सोनोग्राफी आणि रक्ततपासणीविषयी डॉक्टरांना विचारावे. वृद्ध पुरुषांत ओटीपोट फुगून लघवी थेंबथेंब होत असेल, तर तो वायू नसून प्रोस्टेटमुळे तुंबलेले मूत्र असू शकते.

दोन प्रसंगी मात्र क्षणाचीही वाट पाहू नये. पोट फुगले आहे, कळा येतात, उलट्या होतात आणि शौच व वात दोन्ही बंद आहेत, तर आतड्याला अडथळा झालेला असू शकतो. येथे रेचक, फायबर वा पाचक काहीही न देता रुग्णालय गाठावे. दुसरा प्रसंग अधिक फसवा आहे. पोटाच्या वरच्या भागात वा छातीत दडपण, सोबत घाम, धाप किंवा चालताना वाढणारी अस्वस्थता, याला ‘गॅस’ म्हणून सोड्याचे पाणी देत बसू नये. मधुमेही व वृद्धांमध्ये हृदयविकाराचा झटका याच रूपाने येऊ शकतो. अशा वेळी ईसीजी आधी, पाचक नंतर.

एरव्हीच्या फुगीसाठी डॉक्टरांकडे जाताना आठ दिवसांची यादी, घेराची मापे, सर्व गोळ्यांच्या पट्ट्या आणि पूरकांचे डबे पिशवीत घालून न्यावेत. डब्यांची मागची बाजू तपासताना अनेकदा उत्तर तिथेच सापडते.